प्रंबानानच्या भिंतीवरचं रामायण "चुकलेलं" आहे का?

प्रश्न: मागच्या महिन्यात फॅमिलीबरोबर जावाला जाऊन आलो. प्रंबानानच्या शिवमंदिरात रामायण कोरलंय, पण बऱ्याच गोष्टी आपल्या रामायणाशी जुळत नाहीत. जटायू मरताना रामाला अंगठी देतोय. लक्ष्मण बाणांच्या भात्यात पाणी भरतोय. सेतूच्या सीनमध्ये माशांच्या तोंडात दगड आहेत. गाइडने काहीतरी सांगितलं पण तो दरवेळी वेगळंच बोलत होता. आमच्या ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणतेय कारागिरांना मूळ कथा माहीत नव्हती, दुसरी म्हणतेय ही तिकडची मोडतोड. रामनवमीला सोसायटीत स्लाइड शो करणार आहे. लोकांना नक्की काय सांगू?

उत्तर:

मी गेली वीसेक वर्षं मंदिरांवरच्या कथाशिल्पांचं डॉक्युमेंटेशन करतेय, म्हणजे भिंतीसमोर उभं राहून एकेका दृश्याचं रेखाटन करायचं, कोण कुठे आहे, कुणाच्या हातात काय आहे ते लिहायचं, आणि मग रात्री हॉटेलवर बसून ते कथेशी जुळवायचं. प्रंबानानला तीनदा जाणं झालं. म्हणून जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

तुमच्या ग्रुपच्या दोन्ही पार्ट्या मला पटत नाहीत, कारण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलीय, की कारागिरासमोर एक पोथी उघडी होती आणि त्याने ती दगडात उतरवली. मग जिथे पोथीशी जुळलं नाही तिथे एक तर तो चुकला किंवा त्याने मुद्दाम बदललं. असं बहुतेक ठिकाणी होतच नाही. आता आपल्याकडचंच बघा. "खारीचा वाटा" हा शब्द तुम्ही ऑफिसात पण वापरत असाल, पण ती सेतू बांधायला मदत करणारी खार वाल्मीकींच्या रामायणात नाही. लक्ष्मणरेषा पण नाही. उद्या एखाद्या मराठी शिल्पकाराने सेतूच्या दृश्यात खार कोरली तर त्याला कुणी म्हणेल का की याला मूळ कथा माहीत नव्हती? त्याला त्याची कथा चांगलीच माहीत आहे, आजीकडून, कीर्तनातून ऐकलेली. प्रंबानानचा कारागीर पण तसाच, फक्त त्याची आजी जावाची होती.

आधी मंदिराबद्दल थोडं, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. योग्यकार्ताजवळचा हा समूह नवव्या शतकातला. इ.स. ८५६ चा एक शिलालेख मिळालाय ज्यात एका मोठ्या शिवमंदिराचं वर्णन आहे आणि ते हेच असं साधारण मानलं जातं. मधलं शिवमंदिर ४७ मीटर उंच, दक्षिणेला ब्रह्मा, उत्तरेला विष्णू. रामायण सुरू होतं शिवमंदिरात आणि पुरं होतं ब्रह्मामंदिरात, विष्णूच्या मंदिरावर कृष्णकथा आहे. शिवाच्या देवळावर रामकथा कशी असं बरेच जण विचारतात, त्यांना मी वेरूळला पाठवते. कैलास लेणं शिवाचंच, आठव्या शतकातलं, म्हणजे प्रंबानानच्या साधारण शंभर वर्षं आधीचं, आणि त्याच्या मंडपाच्या दक्षिण भिंतीवर रामायण आणि उत्तर भिंतीवर महाभारत कोरलंय, एकाखाली एक ओळी करून. तेव्हा यात नवल काही नाही.

पण वेरूळ आणि प्रंबानान यांत एक मोठा फरक आहे आणि तो समजला की निम्मा गोंधळ जातो. वेरूळचा पट म्हणजे फळा, तुम्ही एका जागी उभे राहून वरपासून खालपर्यंत बघता. प्रंबानानला कथा लांबच लांब पट्टीसारखी पसरलीय, आणि ती मंदिराच्या भिंतीवर नाही तर प्रदक्षिणा मार्गाच्या बाहेरच्या कठड्याच्या आतल्या बाजूला आहे. म्हणजे देऊळ तुमच्या उजव्या हाताला आणि रामायण डाव्या हाताला. तो मार्ग अरुंद आहे, मागे सरकून लांबून बघायची सोयच नाही, एका वेळी एक-दोन दृश्यं दिसतात आणि पुढचं बघायला पाय उचलावे लागतात. थोडक्यात कथा तुमच्या चालण्यावर चालते.

आता एक प्रयोग करा, घरात टीपॉय मधे ठेवून. टीपॉय उजव्या हाताला ठेवून त्याच्याभोवती प्रदक्षिणा घाला आणि मधेच थांबून डावीकडे, बाहेरच्या भिंतीकडे तोंड करा. तुम्ही ज्या दिशेने चालला होतात ती दिशा आता तुमच्या उजव्या हाताला आली, म्हणजे भिंतीवरची कथा डावीकडून उजवीकडे जाणार, आपण वाचतो तशी. आता परत चाला आणि थांबून उजवीकडे, टीपॉयकडे तोंड करा. आता पुढची दिशा डाव्या हाताला! म्हणजे कथा मंदिराच्या अंगावर कोरलेली असेल आणि नेहमीची प्रदक्षिणा असेल, तर ती उजवीकडून डावीकडे वाचावी लागते. हे लक्षात न घेता फोटो काढले की घरी येऊन सगळं उलटं लागतं. तुमच्या ग्रुपच्या फोटोंचं काय झालंय माहीत नाही, पण माझं पहिल्या खेपेला असंच झालं होतं. पूर्वेच्या पायऱ्या चढले, गर्दी होती म्हणून डावीकडे न वळता उजवीकडे वळले, आणि अख्खी फेरी उलटी मारली. सेतू आधी बांधून झाला, मग लंका जळली, मग सीता पळवली आणि शेवटी विश्वामित्र राम-लक्ष्मणाला मागायला आले. वहीत तीन पानं भरल्यावर लक्षात आलं. तेव्हा पहिलं काम, पूर्वेच्या पायरीने वर जाऊन डावीकडे वळायचं.

(कंबोडियातल्या अंगकोर वाट मंदिरात नेमकं उलटं आहे बरं का. तिथे लोक घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरत पट बघतात, आणि त्यावरून काही अभ्यासक म्हणतात की ते राजाचं अंत्यस्मारक असावं. आपल्याकडे श्राद्धात जानवं अपसव्य करतात ना, त्या धर्तीवर.)

सुरुवातीचं दृश्य आठवतंय का? विष्णू शेषावर, खाली समुद्र, एका बाजूला गरुड आणि दुसऱ्या बाजूला त्याला विनवायला आलेले. मग दशरथाचा दरबार, विश्वामित्र, त्राटिकावध असं पुढे जातं, आणि शिवमंदिरातला भाग संपतो तो सेतूवर. म्हणजे समुद्रापासून समुद्रापर्यंत एक फेरी. लंकेत पाय ठेवायला तुम्हाला खाली उतरून दुसऱ्या मंदिरात जावं लागतं. हे ठरवून केलंय की योगायोग हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण पहिल्यांदा तिथे पायऱ्या उतरताना अंगावर काटा आला होता.

आता अंगठी. हेच उदाहरण जरा सावकाश बघू कारण यात सगळं आलं.

वाल्मीकींच्या कथेत रावण सीतेला घेऊन जाताना जटायू आडवा येतो, रावण त्याचे पंख कापतो, आणि नंतर राम-लक्ष्मण येतात तेव्हा तो मरता मरता सांगतो की रावणाने नेलं, दक्षिणेकडे नेलं. सांगतो. म्हणजे बोलतो. सीतेच्या वस्तूंचं म्हणाल तर ती आकाशातून डोंगरावरच्या वानरांमध्ये दागिने टाकते आणि ते पुढे सुग्रीव रामाला दाखवतो. अंगठी येते ती खूप नंतर, आणि ती रामाची, हनुमानाबरोबर सीतेकडे पाठवलेली.

प्रंबानानला काय दिसतं? दहा तोंडांचा रावण, पुष्पक विमान नाही तर पंखवाल्या राक्षसाच्या पाठीवरून चाललाय, जटायू झडप घालतोय आणि सीता त्याला अंगठी देतेय. पुढच्या दृश्यात घायाळ जटायू ती अंगठी रामाच्या हातात देतोय.

आता तुम्ही त्या कारागिराच्या जागी बसा. तुमच्याकडे दगड आहे, शब्द नाहीत. एक मरणारा पक्षी रामाला बातमी देतोय हे कसं दाखवाल? चोच उघडी दाखवाल. पण उघड्या चोचीतून "रावणाने नेलं" हे कसं कळणार? तो ओरडत असेल, पाणी मागत असेल, काहीही. अंगठी ठेवली की काम झालं. आधीच्या दृश्यात ती सीतेकडून गेली, पुढच्या दृश्यात रामाकडे आली, बघणाऱ्याला न सांगता कळतं की या पक्ष्याने तिला पाहिलंय. बातमीला हात-पाय फुटले. माझ्या अनुभवात कथाशिल्पात हे सतत होतं, जे तोंडी निरोपाने घडतं ते वस्तूच्या देवाणघेवाणीने दाखवलं जातं, आणि जे मनात घडतं ते अंगाच्या ठेवणीने.

तोच कारागीर मारीचाचं काय करतो बघा. हरणाला बाण लागल्यावर तो राक्षसरूपात येतो हे सांगायला दोन वेगळी चित्रं काढण्यापेक्षा त्याने हरणाच्या अंगातूनच राक्षस बाहेर येताना दाखवलाय. एका चित्रात आधी आणि नंतर दोन्ही. हा माणूस कथा न कळणारा वाटतो का?

पण इथेच मी ब्रेक लावते, कारण "चित्राची गरज" हे कारण इतकं सोयीचं आहे की ते कुठेही चिकटवता येतं. अंगठी कारागिराने स्वतः शोधून काढली असं मी म्हणत नाहीये. कारण हीच अंगठी मलय भाषेतल्या रामकथेत पण आहे, हिकायत सेरी राम म्हणतात तिला. आज उपलब्ध असलेल्या तिच्या हस्तलिखितांतलं जुन्यात जुनं सतराव्या शतकातलं, म्हणजे प्रंबानाननंतर जवळजवळ आठशे वर्षांनी, आणि ती मुसलमान समाजात लिहिली गेली. आठशे वर्षांच्या अंतराने एका दगडात आणि एका वहीत तीच अंगठी सापडते म्हणजे मधल्या काळात ती लोकांच्या तोंडी फिरत होती. १९२५ मध्ये स्टुटरहाइम नावाच्या डच अभ्यासकाने हे जुळवून दाखवलं, की प्रंबानानचे कितीतरी प्रसंग वाल्मीकींपेक्षा या मलय कथेच्या जवळ जातात. गंमत म्हणजे जावामध्ये जुन्या जावानीज भाषेतलं एक सुंदर रामायण काव्य पण आहे, साधारण याच काळाच्या आसपासचं, आणि ते वाल्मीकींवरून नाही तर संस्कृतातल्या भट्टिकाव्यावरून बेतलेलं आहे, पण देवळातले कारागीर त्याच्या मागे गेलेले दिसत नाहीत. म्हणजे एकाच बेटावर दरबारातल्या पंडिताचं रामायण वेगळं आणि छिन्नी-हातोडीवाल्याचं वेगळं. आपल्याकडे तरी एकनाथ महाराजांचं आणि ओवी म्हणणाऱ्या बाईचं रामायण शब्दाला शब्द एक आहे का?

भात्यात पाणी भरणाऱ्या लक्ष्मणाचं पण तेच. तुम्ही वाल्मीकी डोक्यात घेऊन उभे राहिलात तर लक्ष्मण पाणी भरतोय यापलीकडे काही दिसणार नाही, कारण तिथे राम आणि सुग्रीवाची भेट हनुमान घडवून आणतो, भिक्षूच्या वेषात येऊन. मलय कथेत रामाला तहान लागते, लक्ष्मण पाणी आणायला जातो, भात्यात भरून आणतो, तर ते खारट लागतं. कुठून येतंय म्हणून माग काढत जातात तर वर झाडात सुग्रीव बसून रडतोय, ते त्याचे अश्रू. आता परत तुमचा फोटो उघडा आणि वरच्या बाजूला झाड शोधा. त्यात माकड बसलेलं दिसेल. कथा माहीत नव्हती तोपर्यंत ते तुम्हाला जंगल दाखवायला भरलेलं माकड वाटलं असेल, मला पण वाटलं होतं, आणि माझ्या वहीत "झाड, माकड, सजावट" असं स्वच्छ अक्षरात लिहिलंय अजून. ही या कामातली सगळ्यात कॉमन चूक, ज्याची कथा माहीत नाही ते सगळं सजावट ठरवून टाकायचं.

उलटी चूक पण होते. मलय कथा हातात आली की माणूस प्रत्येक पानाफुलात ती शोधायला लागतो. आठशे वर्षांनंतरच्या पुस्तकावरून आधीची भिंत वाचताना सावध राहायला हवं, कारण पुस्तकात मधल्या काळातली भर पण असणार. मी स्वतःपुरता नियम केलाय, आधी फक्त जे दिसतं ते लिहायचं (पुरुष, डाव्या हातात लांबट भांडं, वर झाड, झाडात वानर), आणि कथेचं नाव वेगळ्या रंगाच्या पेनाने नंतर. दोन्ही एकाच रंगात लिहिलं की चार दिवसांनी स्वतःलाच कळत नाही की आपण काय पाहिलं आणि काय समजून घेतलं.

आता मासे. सेतूच्या दृश्यात वानर दगड आणून टाकतायत आणि पाण्यातल्या माशांच्या तोंडात दगड आहेत. ते मदत करतायत की दगड पळवतायत? इथे मला सरळ उत्तर देता येत नाही आणि जो देतो त्याच्याकडे मी जरा संशयाने बघते. थायलंडच्या रामकथेत मासे दगड पळवतात, त्यांची राणी एक मत्स्यकन्या, हनुमान तिला अडवायला जातो आणि तिच्या प्रेमात पडतो, त्यांना मुलगा पण होतो (ब्रह्मचारी हनुमानाची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे सोसायटीच्या हॉलमध्ये सांगताना प्रेक्षक बघून सांगा). पण ती कथा नंतरची, तिकडची, ती जशीच्या तशी नवव्या शतकातल्या जावाच्या भिंतीवर लावता येत नाही. दुसरीकडे मासे मदतच करत असतील तर तीही आपल्या खारीची मावसबहीण. फक्त दगडावरून ठरत नाही, कारण दगड तोंडात धरलेला मासा आणताना आणि नेताना सारखाच दिसतो. स्थिर चित्राची ही खरी मर्यादा आहे.

म्हणूनच मला वाटतं ही चित्रं एकट्याने बघण्यासाठी नव्हतीच. तुम्ही कोकणातले असाल तर पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी ऐकून असाल. एकेक चित्र समोर धरतात आणि कथेकरी गाऊन सांगतो. नुसती चित्रं तुमच्या हातात दिली तर अर्ध्याहून जास्त कळणार नाहीत, पण तो सांगायला लागला की तोच रेघोट्यांचा घोडा पळायला लागतो. प्रंबानानला पण कुणीतरी बरोबर चालून सांगणारं असणार असं माझं मत आहे, पुरावा दाखवता येणार नाही. तुमचा गाइड दरवेळी वेगळं सांगत होता ना, तो बिचारा त्याच परंपरेतला समजा. शिवाय तिथे १९६१ पासून मंदिराच्या पार्श्वभूमीवर रामायणाचं नृत्यनाट्य होतं, बरेच गाइड त्यातली कथा भिंतीवर सांगतात, त्यामुळे पण गोंधळ होतो.

कारागिरांना सूचना कशा मिळत असतील याची एक झलक तिथून तासाभराच्या अंतरावर बोरोबुदुरला मिळते. तिथे सगळ्यात खालचा थर नंतर दगड रचून झाकून टाकला होता, तो १८८५ मध्ये लक्षात आला. त्यावर १६० दृश्यं आहेत आणि काहींच्या वर छोटे छोटे शब्द खरडलेले आहेत, "स्वर्ग", "विरूप" असे. म्हणजे कारागिराला एखादा शब्द दिला की पुढचं त्याच्या डोक्यातून यायचं. पोथी शेजारी ठेवून ओळीओळीने काम चाललंय असं हे चित्र नाही. बोरोबुदुर बौद्ध आहे आणि प्रंबानानला असे शब्द नाहीत, तरी दोन्ही एकाच मुलखातली आणि काळही जवळजवळचा, म्हणून मी हे उदाहरण घेते.

प्रसंग ओळखायचा कसा हे पण थोडं सांगते, स्लाइड करताना कामाला येईल. दगडाच्या जोडावर जाऊ नका. दोन चिऱ्यांमधली फट म्हणजे प्रसंगाची सीमा नाही, एकच माणूस अनेक चिऱ्यांवर पसरलेला असतो. सीमा सहसा झाड, घराचा खांब किंवा पाठमोरी वळलेली माणसं दाखवतात. आणि एकाच चौकटीत तोच माणूस दोनदा दिसला तर ते दोन क्षण आहेत. वाली-सुग्रीवाचं युद्ध हे यातलं सगळ्यात सोपं. दोघे भाऊ दिसायला हुबेहूब, राम धनुष्य घेऊन उभा पण बाण मारू शकत नाही कारण कोण कोण ते कळत नाही. पुन्हा तेच दोघे लढतायत, पण आता एकाच्या अंगावर पानांची माळ गुंडाळलीय. वाल्मीकींकडे पण सुग्रीवाला खुणेसाठी फुललेल्या वेलीची माळ घालतातच. म्हणजे कथेत रामाला जी अडचण आली तीच कारागिरालाही आली, दोन सारखी माकडं वेगळी कशी दाखवायची, आणि कथेतलंच उत्तर त्याच्या कामी आलं. इथे पोथी आणि दगड अगदी गळ्यात गळे घालून चाललेत, हे पण लोकांना दाखवा, नाहीतर सगळंच वेगळं आहे असं वाटायचं.

एक इशारा. ब्रह्मामंदिरातली दृश्यं दाखवताना क्रमाबद्दल फार ठाम राहू नका. ही मंदिरं कोसळून ढिगारे झाली होती. शिवमंदिर पुन्हा उभं करून झालं १९५३ मध्ये आणि ब्रह्मामंदिर १९८७ मध्ये, पडलेले चिरे एकेक जुळवून. जिथे मूळ चिरा मिळाला नाही तिथे साधा नवा दगड बसवलाय. कुंभकर्णाला उठवतायत वगैरे प्रसंग ओळखू येतात, सीतेचा आश्रमातला भाग पण आहे, पण मधे कोरे दगड आले की तिथे काय होतं हे विचारू नका, "इथे दगड हरवलाय" असं सरळ सांगा.

हाच विषय वाढवायचा असेल तर जोडीला फक्त दोन फोटो घ्या. एक पूर्व जावातल्या ब्लितारजवळच्या पनातारनचा. तिथलं मुख्य मंदिर १३४७ चं, म्हणजे प्रंबानाननंतर पाच शतकांनी. तिथे रामजन्म नाही, वनवास नाही, कथा सुरूच होते हनुमान लंकेत पोचतो तिथून आणि कुंभकर्ण पडतो तिथे थांबते. माणसं चपटी, बाजूने दिसणारी, मोकळी जागा नक्षीने भरलेली, अगदी वायांग म्हणजे जावातल्या सावल्यांच्या खेळातल्या चामड्याच्या बाहुल्यांसारखी. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटतात. प्रंबानानची गोल, भरलेली शरीरं त्याच बेटावर पाचशे वर्षांत अशी सपाट झाली ती कारागिरी घसरली म्हणून नाही, तर आता लोकांच्या डोळ्यांसमोर कथा म्हटलं की पडद्यावरची बाहुलीच यायची म्हणून, निदान मला तरी तसंच वाटतं. आणि कथा लंकेतूनच का सुरू होते तर बघणाऱ्याला आधीचं पाठ आहे. अख्खी गोष्ट सांगायची गरज उरली नाही की माणूस आवडता भाग उचलतो.

दुसरा फोटो अंगकोर वाटच्या लंकायुद्धाचा, बाराव्या शतकातला. पन्नासेक मीटर लांब भिंत आणि तिच्यावर गोष्ट अशी नाहीच, एकच रणधुमाळी. वानर आणि राक्षस एकमेकांत इतके गुंतलेत की डोळा ठरत नाही, आणि त्यातून राम शोधायचा तो हनुमानाच्या खांद्यावर उभा असलेला, मागे लक्ष्मण आणि बिभीषण. पलीकडे वीस हातांचा रावण रथात. इथे चालत जाऊन पुढे काय झालं हे कळत नाही, चालत गेलात तर आणखी युद्ध लागतं. ज्या राजाने हे बांधलं त्या दुसऱ्या सूर्यवर्म्याची सेना पण त्याच गॅलऱ्यांत दक्षिणेच्या भिंतीवर कूच करतेय, तेव्हा युद्धच का निवडलं ते वेगळं सांगायला नको.

तुमच्या स्लाइडचा क्रम मी असा लावला असता. आधी काही न सांगता जटायूचा फोटो, आणि लोकांना विचारायचं हातात काय आहे. मग रावणहरणाचा, त्यात सीतेचा हात. लहान मुलं आधी ओळखतील, मोठे लोक वाल्मीकी शोधत बसतील. माशांचा फोटो शेवटी, आणि तो झूम करून दाखवा, कारण मोबाइलवर काढलेल्या फोटोत दगड आणि माशाचा जबडा एकमेकांत मिसळतात. तो कठडा आतल्या बाजूने देवळाच्या सावलीत असतो, दुपारी ऊन डोक्यावर आलं की वरून घासून येणाऱ्या उजेडात कोरीवकाम उठून दिसतं. तुमचे फोटो सकाळी लवकरचे असतील तर सपाट आले असणार, एडिट करताना कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा. आणि भात्याच्या फोटोत वरचं माकड क्रॉप झालंय का ते आधी बघून घ्या.